पत्र्याचा कोपरा का फाटतो? एका झाकणाचं ड्रॉइंग, पहिल्या बेंडपासून पहिल्या पीसपर्यंत

रबाळे किंवा महापे एमआयडीसीत डिझाइनच्या पहिल्या नोकरीवर लागलेल्या मुला-मुलींना बहुतेक वेळा आधी एखादं झाकण काढायला देतात. दिसायला सोपं काम: वरचा सपाट भाग आणि चार बाजूंनी खाली वळलेल्या कडा. कॉम्प्युटरवर ते अर्ध्या तासात उभं राहतं. बेंडिंग मशीनवर गेलं की मात्र कोपरे फाटतात, कडा एकमेकींवर आपटतात, कधी डेव्हलपमेंटच, म्हणजे झाकण उलगडल्यावरचा सपाट पत्रा, निघत नाही. या लेखात असंच एक झाकण आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. मापं खरीखुरी धरू, म्हणजे तुम्हाला स्वतःच्या ड्रॉइंगवर तीच आकडेमोड करता येईल.

झाकण असं आहे. बाहेरून ३०० बाय २०० मिमी, उंची ३० मिमी, पत्रा सीआर, म्हणजे थंड रोलिंगचा मऊ लोखंडी, १६ गेजचा, १.६ मिमी जाडीचा. चारही बाजूंना ३० मिमीची फ्लँज. ३०० मिमीच्या दोन लांब फ्लँजांच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने १२ मिमीची हेम, म्हणजे कड दुमडून पत्रा पत्र्यावर आणायचा. झाकण उचलताना हात कापू नये आणि लांब कड लवू नये, एवढ्यासाठीच ती हेम आहे. शेवटी पावडर कोटिंग.

आधी बेंडिंगवाल्याला दोन आकडे विचारा

ड्रॉइंग सुरू करायच्या आधी ज्या मशीनवर काम होणार तिथे जा आणि विचारा, "१.६ साठी कुठली व्ही लावता?" व्ही म्हणजे खालच्या डायच्या खाचेची रुंदी. १.६ ला बहुतेक शॉपमध्ये १० किंवा १२ ची व्ही लागते. आपण बेंडसाठी १२ धरू.

या एका आकड्यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, आतली त्रिज्या. पंच पत्र्याला व्हीमध्ये ढकलतो, पण तळाला टेकवत नाही. त्यामुळे मऊ लोखंडी पत्र्याची आतली त्रिज्या साधारण व्हीच्या सहाव्या भागाइतकी येते, म्हणजे १२ ला २ मिमी. तुम्ही मॉडेलमध्ये ०.५ लिहिलं तरी पत्रा २ नेच वळणार आणि सगळी मापं सरकणार. दुसरी, फ्लँजची कमीत कमी उंची. वाकत असताना पत्र्याची कड व्हीच्या दोन्ही काठांवर टेकलेली राहिली पाहिजे, नाहीतर ती आत घसरते आणि बेंड तिरका येतो. १२ च्या व्हीला ९० अंशासाठी सुमारे ८.५ मिमी लागतात. आपली फ्लँज ३० ची आहे, तिथे प्रश्न नाही.

हेमचं गणित वेगळं आहे. हेम दोन टप्प्यांत होते: आधी कड ३० अंशाच्या टोकदार डायमध्ये खूप आत वाकवायची, मग ती दाबून सपाट करायची. इतकं आत वाकवायला कड जास्त लांब लागते, साधारण ९० अंशाच्या दीडपटीहून थोडी जास्त. १० च्या टोकदार व्हीला सुमारे ११ मिमी. म्हणून आपली हेम १२ ची आहे. नवीन मुलं सौंदर्यासाठी ५-६ मिमीची हेम काढतात. ती मशीनवर पकडताच येत नाही.

कोपऱ्यातला तो चौकोन

या लेखातला मुख्य मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

पत्रा रेषेवर वाकत नाही, एका पट्ट्यात वाकतो. आतली त्रिज्या २ आणि जाडी १.६ असेल तर सपाट पत्र्यावर हा पट्टा सुमारे ४.२ मिमी रुंद असतो. पट्ट्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर धातू ताणला जातो, आतल्या बाजूला दाबला जातो. पट्ट्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा पत्रा सपाटच राहतो.

आता आपल्या झाकणाचा एक कोपरा डोळ्यांसमोर आणा. लांब बाजूचा पट्टा एका दिशेने येतो, आखूड बाजूचा दुसऱ्या दिशेने येतो, आणि दोघे कोपऱ्यात एकमेकांना छेदतात. तिथे ४.२ बाय ४.२ चा छोटासा चौकोन तयार होतो. त्या चौकोनातल्या धातूला दोन्ही बेंड आपापल्या बाजूला ओढतात. दोन्ही दिशांना वाकलेला पृष्ठभाग सपाट पत्र्यातून नुसत्या घडीने होत नाही, त्यासाठी धातू ताणावा लागतो, जसं भांडं प्रेसमध्ये खेचून करतात तसा. बेंडिंग मशीन ते करत नाही. म्हणून तिथे दोनपैकी एक गोष्ट घडते: कोपरा फाटतो, किंवा चुरगळून बाहेर फुगतो.

उपाय एवढाच, की तो चौकोन आधीच कापून टाकायचा. यालाच कॉर्नर रिलीफ म्हणतात. गोल भोक, चौकोनी खाच, लांबट खाच, कुठलंही चालेल. अट एकच, की चौकोनाचा कणही शिल्लक राहता कामा नये. गोल भोक घेतलं तर त्याचा मध्य दोन बेंडरेषा, म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या रेषा, छेदतात तिथे ठेवा. चौकोनाचा कर्ण ४.२ × १.४१ म्हणजे ५.९ येतो, म्हणून आपण ६ मिमीचं भोक घेऊ. ३ मिमीचं घेतलं तर चौकोनाचे चार कोपरे उरतात, आणि फाटायची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नवीन होते तेव्हा माझ्या ड्रॉइंगवर असंच झालं होतं. रिलीफ होतं, पण चिरेसारखं बारीक, आणि ते बेंडरेषेपर्यंत येऊन थांबलेलं. रेषेच्या पलीकडचा अर्धा पट्टा तसाच राहिला होता. बेंडिंगच्या काकांनी पहिला पीस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, नख फिरवा." नख एका केसाएवढ्या फटीत अडकलं. ती फट चिरेच्या टोकापासून निघून वरच्या सपाट भागात दोन-तीन मिमी गेली होती. रंगाखाली ती दिसली नसती आणि माल गेल्यावर वाढत गेली असती. काकांनी एका स्क्रॅपच्या तुकड्यावर खडूने दोन पट्टे ओढले आणि त्यांच्या छेदावर बोट ठेवलं. चौकोन मला तेव्हा कळला.

कोपऱ्यावरून पट्टा जात नाही, पण फ्लँज कडेच्या मधेच संपते, उदाहरणार्थ २०० च्या कडेवर फक्त १२० मिमीची फ्लँज, तिथेही हाच नियम आहे. फ्लँजच्या दोन्ही टोकांना खाच हवी. रुंदी निदान पत्र्याच्या जाडीइतकी, आणि खोली पट्टा ओलांडून अर्धा मिमी पुढे. आपल्या पत्र्याला बाहेरच्या मापापासून त्रिज्या + जाडी + ०.५, म्हणजे ४.१ मिमी.

कुठली फ्लँज बाहेर, कुठली आत

कोपऱ्यात दोन फ्लँजा भेटतात तेव्हा एक दुसरीचं टोक झाकते. कुठली झाकेल हे तुम्ही ठरवायचं असतं. ते सॉफ्टवेअरवर सोडलं तर हेम हमखास अडकते.

समजा लांब फ्लँज पूर्ण ३०० ची ठेवली आणि आखूड फ्लँज तिच्या आत बसवली. मग आखूड फ्लँजची कड लांब फ्लँजच्या आतल्या बाजूला टेकणार, आणि तिथे तर खालचे १२ मिमी हेमने व्यापलेले आहेत. धातूत धातू घुसत नाही, म्हणून मग हेमची टोकं तोडा, तिथे परत रिलीफ द्या, कोपऱ्यात बाहेरून दिसणारा खाचा सोसा, असं लांबण लागतं.

उलटं केलं तर सगळं सरळ होतं. हेम असलेली फ्लँज आत, साधी फ्लँज बाहेर. आखूड फ्लँज पूर्ण २०० ची. लांब फ्लँज दोन्ही टोकांना पत्र्याची जाडी १.६ आणि ०.४ मोकळीक इतकी आत, म्हणजे ३०० − ४ = २९६ मिमी. हेम त्या २९६ मध्येच आहे, ती कोणाच्या वाटेत येत नाही. बाहेरून फक्त ०.४ ची बारीक रेघ दिसते. हेमच्या दुमडणाऱ्या पट्टीची टोकं ४५ अंशात छाटून टाका. त्याचं कारण पुढे येतं आहे.

हेम घट्ट की उघडी

पूर्ण दाबलेली, बंद हेम दिसायला छान असते. पण आपलं झाकण सीआरचं आहे आणि पावडर कोटिंगच्या आधी ते केमिकलच्या टाक्यांमधून जातं: तेल काढणं, गंज काढायचं अॅसिड, धुणं, फॉस्फेट. बंद हेमच्या फटीत हे पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि धुण्याने निघत नाही. ओव्हनमध्ये ते उकळून बाहेर येतं आणि हेमच्या काठावर रंगाला फोड येतात. तिथे फोड दिसले नाहीत तर आत राहिलेलं अॅसिड पुढे काम करतं. खाडीलगतच्या दमट हवेत एका पावसाळ्यानंतर हेमच्या काठातून तपकिरी ओघळ उतरलेले मी स्वतः पाहिले आहेत. वरचा रंग शाबूत आणि गंज आतून आलेला.

म्हणून रंगाच्या कामाला मी उघडी हेम घेते: दोन थरांमध्ये पत्र्याइतकीच, १.६ मिमीची फट. ३० अंशाला वाकवल्यावर आत १.६ ची पट्टी ठेवून दाबतात, म्हणजे फट एकसारखी राहते. ४५ अंशात छाटलेल्या टोकांमुळे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ड्रॉइंगवर "आखूड बाजूने उभं टांगावे" असंही लिहा. झाकण उताणं टांगलं तर त्याचीच परात होते.

उघड्या हेमचा दुसरा फायदा कडक पत्र्यात दिसतो. बंद हेममध्ये आतली त्रिज्या जवळपास शून्य होते आणि बाहेरचा थर फार ताणला जातो. मऊ सीआर ते सहन करतो. ६०६१-टी६ सारखं कडक अॅल्युमिनियम करत नाही, दुमडीवर लांबलचक तडा जातो. तिथे उघडी हेमसुद्धा पुरत नाही. मोठ्या त्रिज्येची, थेंबाच्या आकाराची हेम घ्या किंवा ५०५२ सारखा वाकणारा पत्रा निवडा.

डेव्हलपमेंट: हाताने एकदा काढाच

सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट काढून देतं, तरी पहिल्या कामाला ती कागदावर काढा, म्हणजे त्याचा आकडा पारखता येईल. ९० अंशाच्या प्रत्येक बेंडला बाहेरच्या मापांच्या बेरजेतून काही वजा करावं लागतं. पत्र्याच्या जाडीत आतून किती भागावर धातू ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. तो ०.४२, जाडी T आणि आतली त्रिज्या R धरून:

```
T = 1.6, R = 2, K = 0.42
BA = 1.5708 × (R + K×T) = 4.2
BD = 2 × (R + T) − BA = 7.2 − 4.2 = 3.0
```

BA म्हणजे आपला तोच ४.२ चा पट्टा. BD म्हणजे बेंड डिडक्शन, दर बेंडला वजा करायचे ३ मिमी.

लांबी: ३०० + ३० + ३० − ३ − ३ = ३५४ मिमी.

रुंदीत हेम येते. १.६ फटीची हेम म्हणजे ०.८ त्रिज्येचा १८० अंशाचा बेंड. त्याचा पट्टा ३.१४ × (०.८ + ०.६७) म्हणजे ४.६ मिमी. १२ च्या हेममधून आणि ३० च्या फ्लँजमधून प्रत्येकी २.४ (त्रिज्या आणि जाडी) गोलाईत जातात. तेव्हा दर हेममागे वाढ होते १२ − २.४ − २.४ + ४.६ = ११.८ मिमी. रुंदी: २०० + ६० − ६ + ११.८ + ११.८ = २७७.६ मिमी.

के-फॅक्टर मशीनप्रमाणे, पत्र्याप्रमाणे बदलतो. ०.४२ हा सुरुवातीचा आकडा आहे. १०० मिमीची पट्टी कापून मधोमध ९० ला वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०३ आली तर तुमचा ३ बरोबर. १०३.३ आली तर यापुढे त्या मशीनला ३.३ वापरा.

मॉडेल उलगडत नाही तेव्हा

`Flat-Pattern` दाबल्यावर चूक दाखवली तर बहुतेक वेळा कारण यातलंच एखादं असतं. सर्वात जास्त दिसणारं कारण: झाकण आधी ठोकळा काढून, आतून पोकळ करून मग शीट मेटलमध्ये बदललेलं असतं. त्यात चारही कोपरे चिकटलेले असतात. चिकटलेली पेटी न कापता सपाट होत नाही, कागदाचीही नाही. कोपऱ्याच्या चारही उभ्या कडांना `Rip` द्यावं लागतं. त्याहून बरं म्हणजे सुरुवातच सपाट तळापासून करून एकेक फ्लँज जोडायची. मग तुमच्या हातून काय होतंय ते दिसत राहतं.

दुसरं कारण म्हणजे शून्य त्रिज्येची किंवा शून्य फटीची हेम. दोन थर एकाच जागी आले की सॉफ्टवेअरला कुठला पृष्ठभाग कुठला ते कळत नाही. बंद हेमच हवी असेल तरी मॉडेलमध्ये ०.१ ची फट ठेवा. तिसरं, फ्लँज वाकवल्यानंतर तिच्यावर तिरका कट मारलेला असतो किंवा कडांना नुसता फिलेट दिलेला असतो. मग पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. कट नेहमी पत्र्याला काटकोनात जायला हवा.

यापेक्षा फसवी गोष्ट अशी, की मॉडेल उलगडतं, चूकही येत नाही, पण सपाट झाल्यावर दोन भाग एकाच जागेवर बसलेले असतात. कोपऱ्यात स्पॉट वेल्डिंगसाठी आखूड फ्लँजला कान दिला आणि हेमही लांबवली, की दोघांना सपाट पत्र्यावर कोपऱ्याची तीच जागा हवी असते. वळलेल्या मॉडेलमध्ये ते एकमेकांना शिवतही नाहीत. म्हणून उलगडल्यावर प्रत्येक कोपरा मोठा करून बघा आणि बाहेरची रेघ बोटाने फिरवावी तशी पूर्ण फिरवा. ती कुठेही स्वतःला ओलांडता कामा नये. शंका असली तर १:१ प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, दुमडा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुठ्ठ्याला जे वळता येत नाही ते पत्र्यालाही वळत नाही.

बेंडचा क्रम ड्रॉइंगवरच लिहा

आपल्या झाकणाचा क्रम असा: आधी दोन्ही हेमा, मग आखूड फ्लँजा, शेवटी लांब फ्लँजा.

हेम आधी, कारण फ्लँज उभी राहिल्यावर तिची कड ३० अंशाच्या डायमध्ये नेऊन सपाट दाबायला जागाच उरत नाही. आखूड फ्लँज वाकवताना पंच २०० मिमीपेक्षा लांब लावू नका. लांब फ्लँजची सपाट टोकं, हेमसकट, बेंडरेषेपासून अर्ध्या मिमीवर आलेली असतात. लांब पंच उतरला की तो हेमची टोकं चेपतो. लांब फ्लँजा शेवटी वाकवायच्या, कारण तेव्हा दोन्ही टोकांना आखूड फ्लँजा उभ्या असल्या तरी त्यांच्यामध्ये २९६.८ मिमी मोकळे मिळतात. पंचचे तुकडे जोडून २९५ केले की तो आरामात खाली उतरतो. हेम आतल्या बाजूला जाड असल्यामुळे सरळ पंचला घासू शकते, इथे गूसनेक, म्हणजे मानेत वाक असलेला पंच, लावायला सांगा. क्रम उलटा केला, लांब फ्लँजा आधी उभ्या केल्या, तर आखूड बेंडच्या वेळी पंचला दोन्ही बाजूंच्या हेमांमधून उतरावं लागतं आणि २०० मधले जवळजवळ १० मिमी त्या दोघीच खातात.

पहिला पीस हातात आल्यावर

सगळा लॉट वाकवू देण्याआधी एकच पीस मागा आणि उजेडात न्या. कोपऱ्यातल्या भोकाच्या काठावरून नख फिरवा. तडा बेंडच्या टोकापासून निघून सपाट भागात जात असेल तर रिलीफ कमी पडलं आहे, भोक वाढवा किंवा खाच खोल करा. तडा टोकाला नसून बेंडच्या बाहेरच्या अंगावर, बेंडच्याच दिशेने बारीक बारीक रेघांसारखा असेल, तर रिलीफ वाढवून काही होणार नाही. तिथे त्रिज्या फार लहान आहे, किंवा बेंड पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला समांतर आला आहे. मोठी व्ही लावा, नाहीतर लेसरवर ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट तुकडा, ९० अंशाने फिरवून कापा.

मग गुण्या लावा. कोपऱ्याजवळ गुण्या आणि पत्रा यांच्यात उजेड दिसला पण फ्लँजच्या मध्यावर दिसला नाही, तर कोपरा फुगला आहे, म्हणजे चौकोनाचा काही भाग राहिला आहे. दोन फ्लँजांमधली ०.४ ची रेघ वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. ती खाली रुंद होत गेली तर बेंड ९० ला पोचलेला नाही, तो ऑपरेटर मशीनवर सुधारतो. ती सारखीच पण १ मिमी आली, तर बेंड डिडक्शनचा आकडा चुकला आहे आणि तो तुम्हाला डेव्हलपमेंटमध्ये सुधारायचा आहे. शेवटी व्हर्नियरने बाहेरचं ३०० आणि २०० मोजा, आलेली मापं त्याच पीसवर मार्करने लिहा, आणि तो पीस लॉट संपेपर्यंत मशीनशेजारी ठेवा.